३५ दिवसांचं चक्र आणि २१व्या दिवसाचा रिपोर्ट

रिपोर्टवर एकच आकडा होता: सीरम प्रोजेस्टेरॉन ०.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. रक्त घेतलं होतं पाळीच्या २१व्या दिवशी. खाली पेनानं लिहिलेलं, "अंडमोचन होत नाही," म्हणजे अंडाशयातून बीज बाहेर पडत नाही. फाईलच्या मागच्या पानावर पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून घ्यायच्या, बीज वाढवणाऱ्या गोळ्यांची चिठ्ठी होती.

ही फाईल घेऊन आलेल्या ताई करवीर तालुक्यातल्या. वय २७, घरी शिवणकाम, लग्नाला दोन वर्षं आणि दीड वर्षापासून मूल व्हावं म्हणून प्रयत्न. सोबत जाऊबाई होत्या. आमच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींची त्या दिवशी कोल्हापुरातल्या एका स्त्रीरोग ओपीडीत पोस्टिंग होती आणि इतिहास घ्यायचं काम त्यांच्याकडं होतं. ताईंची ओळख पटेल असं काहीही इथं ठेवलेलं नाही.

"माझ्यात बीजच तयार होत न्हाई म्हणत्यात," ताई म्हणाल्या. "पण पाळी तर येती की वो मॅडम. कधी चुकवत न्हाई."

"किती दिवसांनी येते, ताई?"

"म्हैन्याला. म्हंजे म्हैन्यावर चार-पाच दिस जात्यात."

विद्यार्थिनीनं केसपेपरवर लिहिलं: पाळी नियमित, महिन्याला. इथंच मी तिला थांबवलं. "महिन्यावर चार-पाच दिवस जातात" या अर्ध्या वाक्यात सगळं निदान होतं आणि तेच कागदावर उतरलं नव्हतं. जाऊबाईंनी मोबाईलमध्ये घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे फोटो काढून आणले होते. पाळी आली त्या तारखेला पेन्सिलीचा गोल. ५ जानेवारी, १० फेब्रुवारी, १६ मार्च, २९ एप्रिल, ३ जून.

विद्यार्थिनींनी अंतरं काढली: ३६, ३४, ४४ आणि ३५ दिवस. एकीनं लगेच सरासरी केली, सव्वासदतीस आली आणि तिनं "अनियमित चक्र" असा शेरा मारला. ४४ हा आकडा सरासरीत घालण्याआधी त्याचं कारण विचारायला हवं होतं. विचारल्यावर ताई जरा लाजल्या. एप्रिलमध्ये गावची यात्रा होती, घरात पाहुणे, नैवेद्य सगळा ताईंच्या हातचा. म्हणून मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणल्या होत्या. १७ तारखेला सुरू केल्या, २६ला बंद केल्या, २९ला पाळी आली. आपल्याकडं यात्रा, गौरी-गणपती, नवरात्र आणि लग्नसराई या काळातल्या तारखा पाहताना हा प्रश्न विचारल्याशिवाय इतिहास पूर्ण होत नाही. बायका आपणहून सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं.

४४ बाजूला ठेवलं की उरतात ३६, ३४, ३५. म्हणजे ताईंचं चक्र ३५ दिवसांचं आणि चांगलंच नियमित आहे. २४ ते ३८ दिवसांचं चक्र प्रौढ स्त्रीमध्ये सर्वसाधारण मानतात, तेव्हा ते लांबलेलंही नाही.

आता २१व्या दिवसाकडं येऊ. हा दिवस आला कुठून? पुस्तकातल्या २८ दिवसांच्या आकृतीतून. त्या आकृतीत अंडमोचन १४व्या दिवशी होतं, बीज फुटल्यावरच वाढणारं प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन त्यानंतर सात दिवसांनी सगळ्यात वर असतं, म्हणून २१वा दिवस. आकृती चुकीची नाही. पण तिच्यात १४ हा आकडा बरोबर मध्यावर पडतो आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसतं की पाळी आल्यापासून १४ दिवसांनी बीज फुटतं. परीक्षेत तेच लिहिलं तर गुणही मिळतात. माझ्या मते ही आकृती पहिल्या वर्षाला २८ दिवसांची शिकवूच नये. ३५ दिवसांची शिकवावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या नसतात हे बघताक्षणी कळतं.

त्या दोन बाजूंचा स्वभाव वेगळा का, हे समजण्यासाठी अंडाशयात काय चालतं ते क्रमानं पाहू.

पाळीचा पहिला दिवस म्हणजे रक्तस्राव सुरू झाला तो दिवस. त्याआधी एक-दोन दिवस मागच्या चक्रातलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खाली आलेलं असतं. या दोघांचा दाब उठल्यामुळं मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येणारं एफएसएच हे हॉर्मोन थोडं वाढतं. त्या जोरावर अंडाशयातल्या काही छोट्या पुटिका, म्हणजे फॉलिकल, वाढायला लागतात. त्यातली एक पुढं निघते. ती जास्त इस्ट्रोजेन तयार करते, हे इस्ट्रोजेन आणि पुटिकांमधूनच येणारं इनहिबिन मिळून एफएसएच पुन्हा खाली आणतात. एफएसएच कमी पडलं की मागे राहिलेल्या पुटिका सुकून जातात. पुढं गेलेली पुटिका मात्र कमी एफएसएचवरही तगते, कारण तिच्या पेशींवर एफएसएच पकडणारे ग्राही जास्त असतात आणि आता एलएच या पिट्युटरीच्याच दुसऱ्या हॉर्मोनचेही तयार झालेले असतात. म्हणून दर महिन्याला अनेक पुटिकांनी सुरुवात करून बहुधा एकच बीज बाहेर पडतं.

ही निवड कधी होईल याला ठरलेला दिवस नाही. कुणाची पाळी आल्यापासून आठवड्यात होते, कुणाला दोन आठवडे लागतात. आजारपण, वजनातली मोठी घट, झोपेची ओढाताण यानंही ती लांबते. लांब चक्रातला जास्तीचा काळ बहुतेक वेळा इथंच जातो. एकदा पुटिका पुढं निघाली की ती रोज साधारण दीड ते दोन मिलिमीटरनं वाढते आणि १८ ते २४ मिलिमीटरच्या दरम्यान फुटते.

मग चक्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट घडते आणि विद्यार्थी नेमके तिथंच गोंधळतात. आत्तापर्यंत इस्ट्रोजेन पिट्युटरीला दाबत होतं. पण ते साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर जाऊन दोनेक दिवस तिथंच टिकलं, की त्याचा परिणाम उलटतो. तेच इस्ट्रोजेन पिट्युटरीला डिवचतं आणि एलएचची लाट उसळते. मात्रा आणि टिकून राहण्याचा वेळ, दोन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. लाट सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांनी पुटिका फुटून बीज बाहेर येतं. यालाच अंडमोचन म्हणायचं.

फुटलेल्या पुटिकेच्या भिंतीचाच पुढं पीतपिंड होतो, म्हणजे कॉर्पस ल्युटियम. तो प्रोजेस्टेरॉन आणि त्याच्या जोडीनं इस्ट्रोजेनही बनवतो. पीतपिंडाचं आयुष्य मात्र जवळजवळ ठरलेलं असतं. गर्भ रुजून त्याच्याकडून एचसीजी हे हॉर्मोन आलं नाही, तर सुमारे दोन आठवड्यांत तो आपोआप मावळतो. चक्राचा मागचा, अंडमोचनानंतरचा भाग म्हणूनच बहुतेकींमध्ये १४ दिवसांच्या आसपास राहतो. थोडा मागंपुढं होतो, पण अंडमोचनाआधीच्या भागासारखा आठवड्यानं लांबत नाही. ही गोष्ट १९२०च्या दशकात जपानमध्ये क्युसाकु ओगिनो आणि ऑस्ट्रियात हेर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे मांडली: अंडमोचन मोजायचं ते पुढच्या पाळीपासून मागं.

गर्भाशयाचं अस्तर अंडाशयाच्या हुकमानं चालतं. पाळीत त्याचा वरचा थर गळतो, तळाचा थर शाबूत राहतो आणि त्यातूनच नवं अस्तर उगवतं. इस्ट्रोजेन अस्तर जाड करतं. प्रोजेस्टेरॉन आलं की जाडी फारशी वाढत नाही, ग्रंथी नागमोडी होऊन स्रवू लागतात, रक्तवाहिन्या स्प्रिंगसारखा पीळ घेतात. पीतपिंड मावळून प्रोजेस्टेरॉन उतरलं, की या पीळदार वाहिन्या आकसतात, वरच्या थराचं रक्त तुटतं आणि तो गळतो. मांडवाचे खांब काढावेत आणि कापड खाली यावं, तसंच हे.

ताईंच्या ४४ दिवसांचा उलगडाही इथंच होतो. पाळी पुढं ढकलायच्या गोळीत नोरेथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध. पीतपिंड आपल्या वेळेला मावळला असणार, पण गोळ्यांनी अस्तर धरून ठेवलं. गोळ्या थांबल्या आणि तीन दिवसांत स्राव झाला. म्हणून २९ एप्रिलपासून १४ दिवस मागं मोजून अंडमोचनाची तारीख काढली तर ती चुकेल. मागून मोजायची रीत आपणहून आलेल्या पाळीलाच लागू पडते. यात्रेच्या त्या चक्रात गोळ्या नसत्या, तर पाळी २० एप्रिलच्या आगेमागे आली असती.

विद्यार्थिनींना मी वहीत ३५ घरांची आडवी पट्टी काढायला सांगितली. सुरुवात उजवीकडून. पुढची पाळी जिथं येणार तिथं रेघ मारा, १४ घरं मागं या, तिथं अंडमोचन लिहा. मगच डावीकडची घरं भरा. त्यातून हा तक्ता तयार झाला:

| दिवस | अंडाशय | गर्भाशयाचं अस्तर | एफएसएच आणि एलएच | इस्ट्रोजेन | प्रोजेस्टेरॉन |
|---|---|---|---|---|---|
| १–५ | छोट्या पुटिका वाढू लागतात | वरचा थर गळतो | एफएसएच किंचित वर | कमी | अगदी कमी |
| ६–१२ | निवड अजून व्हायची | पातळ, हळूहळू वाढतं | दोन्ही बेताची | हळू वाढ | अगदी कमी |
| १३–१९ | एक पुटिका पुढं, बाकी सुकतात | जाड, सोनोग्राफीत तीन रेघा | एफएसएच खाली, शेवटी एलएच चढू लागतं | जोरात वर, शिखर | अगदी कमी |
| २०–२१ | पुटिका फुटते | पूर्ण जाड | एलएचची लाट, एफएसएचची छोटी | झटकन खाली | जेमतेम हलतं |
| २२–२८ | पीतपिंड जोरात | ग्रंथी स्रवतात | दोन्ही खाली | पुन्हा मध्यम वर | वर चढून शिखर |
| २९–३५ | पीतपिंड मावळतो | रक्तपुरवठा तुटू लागतो | शेवटी एफएसएच किंचित वर | उतरतं | उतरतं |

२८ दिवसांच्या चक्रासाठी हाच तक्ता वापरायचा तर वरच्या तीन ओळींतून सात दिवस काढा. खालच्या तीन ओळींना हात लावायचा नाही, फक्त दिवसांचे आकडे सातनं कमी करायचे.

आता या तक्त्यावर ताईंचा रिपोर्ट ठेवा. पाळी ३ जूनला आली, रक्त २३ जूनला घेतलं. तो २१वा दिवस चौथ्या ओळीत बसतो, म्हणजे ऐन अंडमोचनाचा दिवस. पीतपिंड अजून तयारच झालेला नव्हता, मग प्रोजेस्टेरॉन येणार कुठून? ०.८ हा आकडा त्या दिवसाला अगदी साजेसा आहे. आकडा बरोबर, लॅबही बरोबर. रक्त काढायचा दिवस तेवढा दुसऱ्याच स्त्रीचा होता, जिला २८ दिवसांनी पाळी येते अशा.

फाईलमध्ये याला दुजोरा देणारा कागद आधीपासून होता. २२ जूनची सोनोग्राफी: उजव्या अंडाशयात २० मिलिमीटरची पुटिका, अस्तर ९ मिलिमीटर, तीन रेघांचं. असं अस्तर प्रोजेस्टेरॉन येण्याच्या आधीचं असतं, नंतर ते एकसारखं पांढरट दिसू लागतं. म्हणजे सोनोग्राफी सांगत होती की बीज आज-उद्या फुटेल आणि दुसऱ्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट वाचून निष्कर्ष निघाला की बीज फुटतच नाही. दोन्ही कागद एकाच पिनेला टाचलेले होते.

तिसरा पुरावा जाऊबाईंनी दिला. ताईंना तिसऱ्या आठवड्यात दोन-चार दिवस अंगावरून पाण्यासारखं, तार धरणारं जातं आणि त्यासाठी त्यांनी मध्यंतरी औषधही घेतलं होतं. खाज, वास, दुखणं काही नाही. इस्ट्रोजेन शिखरावर असताना गर्भाशयमुखाचा स्राव असाच पातळ, पारदर्शक आणि ताणला जाणारा होतो. प्रोजेस्टेरॉन आलं की तो घट्ट होऊन जवळजवळ थांबतो. आपल्याकडं "अंगावरून जातं" ही तक्रार सरसकट संसर्गाच्या रकान्यात जाते. ते कधी जातं आणि कसं दिसतं, हे दोन प्रश्न विचारले तर पुष्कळदा ती तक्रार उरतच नाही.

डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी थांबवली. ताईंनी एकही गोळी घेतलेली नव्हती, हे बरं झालं. या गोळ्या एफएसएच वाढवून पुटिका वाढवतात. बीज आपणहून फुटत असताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि जुळं राहण्याची शक्यता मात्र वाढते.

पुढची पाळी ८ जुलैला आली. आधीच्या पाळीपासून बरोबर ३५ दिवस. तिसऱ्या दिवशी एफएसएच आणि इस्ट्रोजेन तपासलं, दोन्ही ठीक होतं. हे दोन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच का तपासतात, ते तक्त्याच्या पहिल्या ओळीत दिसतं: तेव्हा इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन तळाला असतात आणि पिट्युटरी अंडाशयाला किती जोरात हाक मारतेय ते स्वच्छ ऐकू येतं. हेच रक्त २०व्या दिवशी घेतलं असतं तर एलएचच्या लाटेबरोबर उसळलेलं एफएसएच पाहून कुणीतरी "अंडाशय थकलं" असाही शेरा मारला असता.

१५व्या दिवसापासून ताई घरी लघवीची एलएच पट्टी वापरत होत्या. २६ जुलैला, १९व्या दिवशी, दुसरी रेघ पहिल्याइतकी गडद आली. त्यावरून अंडमोचन २७च्या आसपास धरलं. रक्त घ्यायचं ठरलं २८व्या दिवशी, ४ ऑगस्टला. सोबतच्या चिठ्ठीवर "२१वा दिवस" न लिहिता "पुढची पाळी अपेक्षित असण्याच्या सात दिवस आधी" असं लिहायला मी विद्यार्थिनींना सांगितलं. लांबलचक वाटतं, पण कुठल्याही चक्राला चालतं.

रिपोर्ट आला ११.४. तीनच्या वर आकडा गेला की अंडमोचन झालं असं मानतात, तेव्हा शंका उरली नाही. पाळी ११ ऑगस्टला आली, चक्र ३४ दिवसांचं. रक्त नेमकं सात दिवस आधी घेतलं गेलं होतं, पण हे पाळी आल्यावरच कळतं. या पद्धतीची अडचण हीच आहे: आपण पुढची पाळी गृहीत धरून मागं मोजतो आणि ती चार-पाच दिवस घसरली तर रक्ताचा दिवसही घसरतो. म्हणून कमी आकडा आला, तर पाळी किती तारखेला आली हे पाहिल्याशिवाय रिपोर्ट वाचूच नये. रक्त दिल्यानंतर पाच ते नऊ दिवसांत पाळी आली असेल तर कमी आकड्याला अर्थ आहे. दोन आठवड्यांनी आली असेल तर रक्त लवकर घेतलं गेलं. जिची पाळी कधी ४० तर कधी ५५ दिवसांनी येते, तिच्यात एकच दिवस निवडून चालत नाही. अंदाजे दिवसापासून पाळी येईपर्यंत आठवड्याला एकदा रक्त घ्यावं लागतं.

एका विद्यार्थिनीनं विचारलं, "मॅडम, ११.४ म्हणजे चांगलं की पुरेसं? कुणाला १८ येतं, मग तिचं जास्त चांगलं का?" प्रश्न रास्त होता. मागच्या टप्प्यात पीतपिंड प्रोजेस्टेरॉन एकसारखं सोडत नाही, पिट्युटरीतून एलएच ठेक्याठेक्यानं येतं तसं तेही ठेक्यानं सुटतं. एकाच स्त्रीचं रक्त सकाळी घेतलं आणि दोन तासांनी पुन्हा घेतलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा निघू शकतो. त्यामुळं तीनच्या वरचा आकडा "झालं" एवढंच सांगतो. ८ पेक्षा १८ भारी, अशी तुलना त्यातून करू नये आणि ती करून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या देण्याची घाईही करू नये.

ताईंचा प्रश्न अर्थात सुटलेला नव्हता. बीज फुटतं हे ठरलं, मूल का राहत नाही हे नाही. फाईल पुन्हा चाळली तेव्हा लक्षात आलं की दीड वर्षात ताईंच्या रक्ताच्या पाच आणि सोनोग्राफीच्या दोन तपासण्या झाल्या होत्या, नवऱ्याची एकही नाही. जाऊबाई म्हणाल्या, "भावजी यायला तयार न्हाईत." दोन ते सात दिवस संबंध टाळून द्यायचा एक नमुना, ना सुई ना उपास. डॉक्टरांनी वीर्यतपासणीची चिठ्ठी लिहिली, त्याच कागदावर खाली नलिका उघड्या आहेत का ते पाहायची तपासणी लिहिली आणि तिच्यापुढं "पाळी संपल्यावर, अंडमोचनाच्या आधी" असा शेरा टाकला. तक्ता समोर होताच. ११ ऑगस्टच्या पाळीपासून मोजून सातवा ते बारावा दिवस, म्हणजे १७ ते २२ ऑगस्ट, असं विद्यार्थिनीनं चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून दिलं. जाऊबाईंनी त्याचाही फोटो काढून घेतला.